आधी शिकायचं ठरवा, मग बांधा: विद्यापीठातल्या प्रकल्पासाठी लीन स्टार्टअपची फेरी पायरीपायरीने

उद्योजकतेच्या विषयात लीन स्टार्टअपवर, म्हणजे छोट्या प्रयोगांतून धंद्याची कल्पना तपासत जाण्याच्या पद्धतीवर, प्रकल्प करायला सांगितला की बहुतेक गटांच्या अहवालात तीन गोष्टी ठरलेल्या असतात: ॲपच्या स्क्रीनची सुबक चित्रं, वर्गमित्रांकडून भरून घेतलेला गूगल फॉर्म आणि 'बहुतेकांना कल्पना आवडली' हा निष्कर्ष. बिल्ड-मेजर-लर्नची तीन बाणांची आकृतीही पहिल्याच पानावर असते. फेरी मात्र झालेली नसते, कारण काय शिकायचं होतं हे बांधायला घेताना कोणालाच ठाऊक नव्हतं.

चूक क्रमाची आहे. प्रत्यक्ष काम बांधा, मोजा, शिका याच क्रमाने होतं. आखणी मात्र उलट्या दिशेने करायची असते. आधी काय शिकायचं ते ठरवायचं, मग ते कळायला काय मोजावं लागेल ते, आणि शेवटी ते मोजता यावं म्हणून कमीत कमी काय बांधावं लागेल ते. २०११ साली एरिक रीस यांनी ही पद्धत पुस्तकातून मांडली, तेव्हा ही उलटी आखणी त्यांनी सांगितली होतीच. वर्गात आकृती पोचते, आखणीचा क्रम मागे राहतो.

तो का लागतो, हे रीस यांच्याच आयएमव्हीयू कंपनीच्या सुरुवातीच्या काळातून नीट कळतं. २००४ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं गृहीतक असं होतं की लोकांना त्रिमितीय पात्रांच्या रूपात गप्पा मारायला आवडेल, पण त्यांना नवं मेसेंजर नको असेल. जुन्या मेसेंजरवरच्या मित्रांशी बोलता आलं पाहिजे. त्यासाठी वेगवेगळ्या मेसेंजरांशी जुळवून घेणारा कोड लिहिण्यात महिने गेले. उत्पादन बाजारात आल्यावर लोक ते उतरवूनही घेईनात, आणि ज्यांनी वापरलं ते जुन्या मित्रांना बोलवायला तयार होईनात. रीस यांनी पुढे स्वतःच लिहिलं की 'उतरवून घ्या' असं बटण असलेलं साधं पान ठेवलं असतं, तरी हे कळलं असतं. कोड चांगला होता की वाईट हा प्रश्नच तिथे उरला नाही.

खाली एक उदाहरण घेऊन अख्खी फेरी करून दाखवतो. पुण्यात शिकणाऱ्या चार जणांच्या गटाची कल्पना आहे: मेसचे खाडे आधी कळवण्याचं ॲप. जेवायला न येणाऱ्यांनी दुपारीच कळवलं तर अन्न वाया जाणार नाही, आणि मेसवाले त्यासाठी महिन्याला ५०० रुपये देतील. उदाहरण आणि त्यातले आकडे काल्पनिक आहेत, पद्धत दिसावी म्हणून घेतलेले.

## तयारी: कागद उघडण्याआधी तीन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे माणसं. ज्यांच्यावर प्रयोग करायचा त्यांच्यापर्यंत या आठवड्यात चालत जाता येईल का? येत नसेल तर कल्पना बदला. 'ग्रामीण भागातले शेतकरी' असा ग्राहक कागदावर भारदस्त दिसतो, पण गटातल्या एकाचंही गाव जवळ नसेल तर सत्र संपेपर्यंत एकाही शेतकऱ्याशी धड बोलणं होत नाही.

दुसरी गोष्ट वेळ. एका सत्रात दोन फेऱ्या बसवा. एकाच फेरीत फार तर एक निकाल मिळतो. त्या निकालामुळे तुम्ही काय बदललं, हे दुसऱ्या फेरीतच दिसतं, आणि या विषयात गुण त्यालाच असायला हवेत. आखणी आणि मुलाखतींना दोन आठवडे, प्रयोगाला तीन, निर्णयाला काही दिवस, आणि मग पुन्हा तसंच.

तिसरी गोष्ट नोंदवही. तारीख, काय केलं, काय दिसलं, कोणी पाहिलं, एवढंच त्याच दिवशी लिहायचं. शेवटच्या आठवड्यात आठवून लिहिलेल्या नोंदी तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला उघड्या पडतात.

## टप्पा १: कल्पना गृहीतकांमध्ये फोडा

कल्पना एका वाक्यात लिहा आणि ती खरी ठरायला काय काय खरं असावं लागेल ते खाली मांडा. मेसच्या कल्पनेत पाच गोष्टी दडलेल्या आहेत:

क) उरलेलं अन्न ही मेसवाल्यांना खरोखर डोकेदुखी वाटते.
ख) विद्यार्थी खाडा दुपारीच कळवतील.
ग) कळवलेलं खरं असेल, म्हणजे 'येणार नाही' म्हणून पुन्हा ताट मागणार नाहीत.
घ) आकडा कळल्यावर मेसवाले खरंच कमी शिजवतील.
ङ) आणि त्यासाठी पैसे देतील.

इथे चुकतं: 'आम्ही चांगलं ॲप बनवू शकू' हे गृहीतक पहिलं लिहिलं जातं. ते सहसा खरं असतं, आणि म्हणूनच तपासायला निरुपयोगी. पडलं तर बाकी सगळं पडेल, अशीच विधानं यादीत ठेवा.

पडताळा: प्रत्येक वाक्यात माणूस आणि त्याची कृती आहे का? 'बाजारपेठ मोठी आहे' यात कोणी काहीच करत नाही. ते खोडा.

## टप्पा २: मुलाखती, पण कल्पना न सांगता

प्रयोगाआधी आठ-दहा विद्यार्थी आणि तीन-चार मेसवाले यांच्याशी बोला. तीच तीच उत्तरं यायला लागली की थांबा.

'असं ॲप असलं तर वापराल का?' हा प्रश्न विचारू नका. समोरचा तुम्हाला दुखवायला नको म्हणून हो म्हणतो, आणि त्या होकाराला काहीच किंमत नसते. भविष्याऐवजी मागच्या आठवड्याबद्दल विचारा. मेसवाल्या काकूंना: 'काकू, काल रात्री काय उरलं? त्याचं काय केलंत? किती जणांचं करायचं हे कशावरून ठरवता? कणीक किती वाजता भिजवता?' विद्यार्थ्याला: 'मागच्या वेळी मेसला गेला नाहीस तो दिवस कोणता? बाहेर जायचं कधी ठरलं? काकूंना कळवलंस का?'

असल्या प्रश्नांतून अशा गोष्टी निघतात ज्या गूगल फॉर्ममध्ये कधीच येत नाहीत. आपल्या गटाला दोन सापडल्या.

एक, काकू कणीक साडेचारला भिजवतात. म्हणजे खाडा चारच्या आत कळला तरच उपयोग. मुलांचं बाहेर जायचं मात्र बऱ्याचदा संध्याकाळी ठरतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काकू महिन्याचे पूर्ण पैसे आगाऊ घेतात आणि सलग चार दिवसांहून जास्त खाडा असेल तरच कापतात. सुटे खाडे त्यांच्या हिशेबात धरलेलेच आहेत. त्यावरच महिन्याचा दर परवडतो. ॲपने प्रत्येक खाड्याचे पैसे परत द्यायला लावले, तर काकूंचं अन्न वाचेल पण उत्पन्न घटेल. गटाच्या मूळ कल्पनेत 'खाड्याचे पैसे परत' हे विद्यार्थ्यांसाठीचं मुख्य आकर्षण होतं. ते पहिल्याच आठवड्यात, एक रुपयाही खर्च न होता गळालं.

पडताळा: मुलाखतींनंतर तुमच्या यादीतलं एक तरी गृहीतक बदललं का? काहीच बदललं नसेल, तर बहुधा तुम्ही ऐकण्यापेक्षा पटवून देण्यात वेळ घालवला.

## टप्पा ३: सर्वांत धोक्याचं एकच गृहीतक निवडा

प्रत्येक गृहीतकाला दोन प्रश्न विचारा. हे खोटं निघालं तर किती कोसळेल? आणि ते खरं असल्याचा पुरावा आत्ता आपल्याकडे किती आहे? जिथे नुकसान सर्वांत मोठं आणि पुरावा सर्वांत कमी, ते आधी.

'क' ला मुलाखतींतून थोडा पुरावा मिळाला: तीन काकूंनी उरलेलं अन्न टाकावं लागतं असं सांगितलं, एकीच्या मेसमध्ये ते डोळ्यांनी दिसलं. 'ङ' म्हणजे पैसे, हे महत्त्वाचं आहे, पण विद्यार्थी कळवतच नसतील तर काकूंना विकायला आपल्याकडे काही नाही. म्हणून 'ख' आधी.

एका फेरीत एकच. दोन गृहीतकं एकत्र तपासली आणि निकाल वाईट आला, तर कशामुळे ते सांगता येत नाही, आणि फेरी फुकट जाते.

## टप्पा ४: आकडा आधी लिहा

सर्वांत जास्त गट इथे अडखळतात, म्हणून जरा थांबून पाहू.

'विद्यार्थी खाडे कळवतील' हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही. एकाने एकदा कळवलं तरी ते खरं. त्यात कोण, काय, किती आणि कधीपर्यंत हे घातलं की ते तपासता येतं. 'किती' हा आकडा हवेतून आणायचा नाही. ५० टक्के गोल दिसतो म्हणून ५० टक्के, असं नाही. समोरच्याच्या गरजेतून तो काढायचा असतो.

काकूंकडे ६० नावं आहेत. रोज रात्री सरासरी १६ जण येत नाहीत, पण कोणत्या रात्री किती हे आधी कळत नसल्याने त्या ५५ जणांचं करतात. त्यांना विचारलं, 'किती जणांचं नक्की कळलं तर कमी कराल?' त्या म्हणाल्या, 'चारपर्यंत दहा नावं हातात आली तर ४८ जणांचं करीन. त्याहून कमी नावांवर मी धोका पत्करणार नाही, एखादं पोर उपाशी राहिलं तर कसं?' म्हणजे १६ पैकी १०, साधारण ६० टक्के. तो आकडा गटाचा नाही, काकूंचा आहे, आणि म्हणूनच त्याला अर्थ आहे.

आता प्रयोगाचं कार्ड लिहा:

> गृहीतक: मेसचे विद्यार्थी रात्रीचा खाडा त्याच दिवशी ४ वाजेपर्यंत कळवतील.
> कोणावर: एका मेसचे ६० विद्यार्थी.
> काय करणार: रोज २ वाजता संदेश, न येणाऱ्याने उत्तर द्यायचं.
> काय मोजणार: कळवून न आलेले ÷ एकूण न आलेले, आठवडावार.
> पास: तिसऱ्या आठवड्यात ६० टक्के किंवा जास्त.
> सोबत लक्ष: 'येणार नाही' कळवूनही जेवायला आलेले किती.
> मुदत: ३ आठवडे, रविवारची रात्र सोडून (मेस बंद असते).
> नापास झालं तर: कळवणं थांबवलेल्या दहा जणांशी बोलून पुढचं ठरवणार.

निकष तिसऱ्या आठवड्यावर का? पहिल्या आठवड्यात नवेपणा असतो आणि गटातल्या मित्रांचा उत्साहही. सवय लागते की नाही हे नंतरच दिसतं.

कार्डावर तारीख घाला आणि प्रयोग सुरू होण्याआधी मार्गदर्शकांना ईमेल करा. निकाल पाहून निकष हलवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि पाठवलेला ईमेल तो मोह थांबवतो.

इथे चुकतं: छेदात काय धरायचं हे लिहिलेलं नसतं. कळवणारे भागिले एकूण ६० केलं तर उत्तर नेहमीच लहान येतं. कळवणारे भागिले कधी ना कधी उत्तर देणारे केलं तर नेहमीच मोठं. छेद आधी ठरवा.

## टप्पा ५: मोजायला पुरेल एवढंच बांधा

एमव्हीपी, म्हणजे मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट, ही ॲपची छोटी आवृत्ती नव्हे, आणि कच्चं, अर्धवट उत्पादनही नव्हे. कार्डावरचा आकडा मिळवायला जे सर्वांत कमी कष्टात उभं राहील, ते. कधी ते एक पान असतं, कधी एक माणूस.

कोणता प्रकार घ्यायचा हे प्रश्नावर ठरतं. लोक किंमत पाहूनही पुढे येतात का, एवढंच कळायला पान पुरतं. सोशल मीडियावरच्या पोस्ट ठरल्या वेळी टाकणाऱ्या बफर या सेवेच्या जोएल गॅस्कॉइन यांनी २०१० मध्ये हेच केलं. पहिल्या पानावर कल्पना, बटण दाबलं की 'अजून तयार नाही, ईमेल ठेवून जा'. लोकांनी ईमेल ठेवले. मग त्यांनी मध्ये एक पान घातलं: मोफत, ५ डॉलर आणि २० डॉलर महिना असे पर्याय. तरीही काही जण पैशांचा पर्याय निवडून पुढे गेले, तेव्हा त्यांनी कोड लिहायला घेतला. एका वेळी एक प्रश्न आणि त्यापुरतंच एक पान, हा त्यातला शिकण्याजोगा भाग.

पडद्यामागे माणसाने हाताने काम करायचं आणि ग्राहकाला ते नेहमीच्या सेवेसारखं दिसायचं, असा दुसरा प्रकार. झॅपोसचे निक स्विनमर्न यांनी १९९९ मध्ये दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून संकेतस्थळावर लावले. मागणी आली की दुकानातून पूर्ण किमतीला जोडी विकत घेऊन ते पाठवत. नफा त्यात नव्हताच. लोक बूट घालून न पाहता विकत घेतात का, हे त्यांना पाहायचं होतं.

आपल्या गटाचा प्रश्न आवडीचा नाही, रोजच्या सवयीचा आहे. तिथे पान चालणार नाही, कारण पानावर माणूस एकदा येतो. म्हणून व्हॉट्सॲप आणि एक माणूस. ग्रुप नको, ब्रॉडकास्ट लिस्ट घ्या: ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि एकाचं उत्तर पाहून दुसरा उत्तर देतो, मग आकडा बिघडतो. मात्र ब्रॉडकास्टचा संदेश ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो. म्हणून पहिल्या दिवशी मेसच्या दारात उभं राहून प्रत्येकाची संमती घ्या, नंबर तिथेच सेव्ह करून घ्या आणि हा अभ्यासक्रमातला प्रयोग आहे हे स्पष्ट सांगा.

सूचना: जे अस्तित्वात नाही त्याचे पैसे घेऊ नका. 'अजून तयार नाही' हे बफरने सांगितलं तसं लगेच सांगा. आगाऊ रक्कम घ्यायचीच असेल तर मार्गदर्शकांची लेखी परवानगी आणि परतीची तारीख हवी.

पडताळा: एमव्हीपी उभं करायला दोन-तीन दिवसांहून जास्त लागतायत? मग त्यातला प्रत्येक भाग घेऊन विचारा, हा काढला तर कार्डावरचा आकडा मिळेल का? मिळत असेल तर काढा. लॉगिन, लोगो आणि ॲडमिन पॅनेल इथेच गळतात.

## टप्पा ६: चालवा, पण मध्येच हात घालू नका

रोज दोनला तोच संदेश, त्याच शब्दांत: 'आज रात्री मेसला येणार नसाल तर ४ पर्यंत "खाडा" असं उत्तर द्या.' चारला नावं काकूंना. रात्री गटातला एक जण दाराशी बसून प्रत्यक्ष आलेल्यांवर खूण करणार. हे कंटाळवाणं काम टाळलं तर छेदच मिळत नाही, आणि सगळा प्रयोग 'इतक्या जणांनी उत्तर दिलं' एवढ्यावर येतो.

दुसऱ्या आठवड्यात उत्तरं कमी झाली की गटातला कोणीतरी मित्रांना फोन करून 'अरे, कळव ना' म्हणतो. त्या क्षणी तुम्ही तुमच्या मैत्रीचं मोजमाप सुरू करता. संदेश बदलावासा वाटला, बक्षीस ठेवावंसं वाटलं, तर नोंदवहीत लिहा आणि पुढच्या फेरीसाठी ठेवा.

## टप्पा ७: मोजा, आणि चढता आलेख बाजूला ठेवा

तीन आठवड्यांचे आकडे असे आले:

| आठवडा | न आलेले | त्यांपैकी कळवलेले | प्रमाण |
|---|---|---|---|
| पहिला | ९६ | ६७ | ७० टक्के |
| दुसरा | ९४ | ४८ | ५१ टक्के |
| तिसरा | ९८ | ३३ | ३४ टक्के |

याच आकड्यांतून दुसरा आलेखही काढता येतो: एकूण कळवलेले खाडे ६७, मग ११५, मग १४८. रेष वर जाते, सादरीकरणात छान दिसते, आणि त्यातून काहीच कळत नाही. बेरीज कधी खाली येतच नाही. अशा आकड्यांना रीस यांनी दिखाऊ मोजमाप म्हटलं आहे. डाउनलोड, एकूण नोंदणी, इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर ही त्याच जातीची मोजमापं. आठवडावार प्रमाण पाहिलं की खरी गोष्ट समोर येते: पहिल्या आठवड्यात निकष ओलांडला, तिसऱ्यात निकषाच्या निम्म्याच्या आसपास आलो.

टक्केवारीसोबत मूळ आकडा नेहमी द्या. आणि ६० माणसांत ३४ आणि ३८ टक्क्यांमधल्या फरकावर निबंध लिहू नका. १० टक्के आणि १२ टक्के यांतला फरक खात्रीने ओळखायला प्रत्येक बाजूला हजारो माणसं लागतात. म्हणूनच कॉलेजच्या प्रकल्पात ए-बी चाचणी, म्हणजे दोन आवृत्त्या दोन गटांना देऊन केलेली तुलना, बहुतेक वेळा शोभेची असते. ६० टक्के हवे होते आणि ३४ आले, हा फरक मात्र मोठा आहे. लहान प्रयोगात असेच ठळक फरक पाहायचे.

## टप्पा ८: शिका, म्हणजे निर्णय घ्या

'विद्यार्थ्यांमध्ये जागरूकता कमी आहे' हे शिकणं नव्हे. आकडा सांगतो काय झालं, का झालं हे माणसं सांगतात. कळवणं थांबवलेल्या दहा जणांशी गट बोलला. सात जणांचं उत्तर एकच: कळवून मला काय मिळतं? पैसे तर परत मिळतच नाहीत. दोघांनी सांगितलं की बाहेर जायचं सहाला ठरतं. एक जण विसरत होता.

आता पर्याय तीन: तसंच पुढे जाणं, एक घटक बदलून पुन्हा तपासणं किंवा कल्पना सोडणं. दिशा ठेवून मूळ गृहीतक बदलण्याला पिव्हट म्हणतात. रंग बदलणं, संदेशाची वेळ अर्ध्या तासाने हलवणं याला पिव्हट म्हणू नका. परीक्षक तिथेच अडवतात. इथे बदलतंय ते 'विद्यार्थी का कळवेल' याचं उत्तर. चांगुलपणामुळे कळवेल हे गृहीतक पडलं. मोबदल्यामुळे कळवेल हे नवं.

रोख परतावा काकूंना परवडत नाही हे मुलाखतींतच कळलं होतं. म्हणून गटाने ठरवलं: वेळेत कळवलेल्या दर पाच खाड्यांमागे पाहुण्यासाठी एक ताट मोफत.

पडताळा, फेरी सुरू करण्याआधी: हा मोबदला काकूंना परवडतो का? रोज दहा जणांनी कळवलं तर आठवड्याच्या सहा रात्रींत ६० खाडे, म्हणजे १२ मोफत ताटं. ५५ ऐवजी ४८ जणांचं केल्याने रोज ७, आठवड्याला ४२ ताटं वाचतात. ३० उरतात. ताटाचा कच्चा माल ३० रुपये धरला तर आठवड्याला ९०० रुपये, चार आठवड्यांचे ३,६००. त्यातून ५०० मागणं निदान हिशेबात बसतं. ही वजाबाकी उणे आली असती तर प्रयोग करायचाच नव्हता.

## दुसरी फेरी: तेच कार्ड, एकच ओळ वेगळी

पुन्हा त्याच मेसमध्ये गेलात तर कंटाळलेले लोक मिळतात आणि मोबदल्याचा परिणाम वेगळा दिसत नाही. तेवढ्याच आकाराची दुसरी मेस घ्या. मात्र तिथलं जेवण, माणसं वेगळी आहेत, ही मर्यादा अहवालात लिहा. संदेश, वेळ, निकष तेच. बदल फक्त मोबदल्याचा.

समजा, इथल्या काकूंची अटही तीच आहे आणि आठवडावार ७१, ६६ आणि ६४ टक्के आले. पास, पण काठावर. उड्या मारण्याआधी काकूंच्या मूळ अटीकडे वळा: त्यांना *प्रत्येक रात्री* दहा नावं हवी होती, सरासरी नव्हे. तिसऱ्या आठवड्यातल्या सहा रात्री वेगळ्या काढल्या तर चार रात्री दहा किंवा जास्त नावं आली, दोन रात्री आली नाहीत. म्हणजे त्या दोन रात्री काकू नेहमीइतकंच करणार, आणि वरचा ३,६०० चा हिशेब त्या प्रमाणात खाली येणार. आठवड्यात ४२ ऐवजी २८ ताटं वाचली. खाडे कळवणारे तेवढेच राहिले, तर मोफत ताटांचा खर्च फारसा घटत नाही: २८ वजा १२, उरली १६. चार आठवड्यांचे ३,६०० जाऊन १,९२० राहिले. ५०० अजून बसतात, पण पूर्वीइतके सहज नाही. सरासरीने झाकलेली गोष्ट अशी सुटी करून दाखवली की अहवालाचं वजन वाढतं.

यानंतरचं धोक्याचं गृहीतक 'घ': चार चांगल्या रात्री काकूंनी खरंच ४८ जणांचं केलं का? हे त्यांना विचारून नाही, कणकेचं वजन पाहून ठरवायचं. 'ङ', म्हणजे पैसे, त्याच्याही नंतर.

## अहवाल कसा मांडायचा

ॲपच्या स्क्रीन परिशिष्टातही नकोत, कारण ॲप अजून कोणी मागितलेलंच नाही. अहवालाचा कणा दोन कार्डं: प्रत्येकाखाली आठवडावार तक्ता, मुलाखतींतली दोन-तीन वाक्यं नावं न देता, आणि निर्णय. नापास झालेलं गृहीतक लपवू नका. पहिली फेरी पडली म्हणूनच दुसरीचा मोबदला सुचला, हे परीक्षकांना त्याच क्रमाने दिसू द्या.

मर्यादांचा परिच्छेद नेमका लिहा. 'नमुना लहान होता' हे प्रत्येक अहवालात असतं. त्याऐवजी: दोन्ही मेस एकाच भागात होत्या, परीक्षेचा काळ प्रयोगात आला नाही, आणि दाराशी खूण करणारा गटातलाच होता. शेवटी पुढच्या फेरीचं कार्ड जोडा, 'घ' साठी भरलेलं, निकषाच्या आकड्यासह. तोंडी परीक्षेत 'आता अजून तीन आठवडे मिळाले तर काय कराल?' हा प्रश्न बहुधा येतोच, आणि ते कार्ड पुढे करता येतं.